सही माझी, कारभार यांचा

«मी 34 वर्षांची आहे, बारावी शिकलेली. आमच्या गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं तेव्हा घरच्यांनी माझा अर्ज भरला आणि मी थेट निवडून आले. त्याला आता 14 महिने झाले. गावात सगळे ‘सरपंच’ म्हणून यांनाच हाक मारतात. मासिक सभेला मी असते, पण बोलतात हे. डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह यांच्या कपाटात असतो आणि पिन यांना नि ग्रामसेवकांना माहीत आहे. हे वाईट नाहीत, घरात काही त्रास नाही. पण मागच्या महिन्यात एका गटाराच्या बिलावर ऑडिटचा आक्षेप आला, आणि पत्रावर नाव माझं. यांना विचारलं तर म्हणाले, ‘तू नको डोकं लावू, मी बघतो.’ काम केलं होतं यांच्या चुलतभावाने. मला यांच्याशी भांडायचं नाही, पण रात्री झोप लागत नाही. राजीनामा देऊन मोकळी होऊ का? आणि यांच्याच जिवावर निवडून आले असताना आता हक्क मागणं बरं दिसेल का?»
— एक सरपंच, पश्चिम महाराष्ट्र

ताई,

राजीनाम्याचं आधी बोलू, कारण त्यात तुमचा एक मोठा गैरसमज आहे. सरपंचाने राजीनामा पंचायत समितीच्या सभापतींकडे द्यायचा असतो. तो दिला की पद जातं. गेल्या 14 महिन्यांत ज्या कागदांवर तुमची सही गेली, त्यांची जबाबदारी मात्र जात नाही. ग्रामपंचायतीचं नुकसान झालं, पैसा वाया गेला किंवा भलत्याच कामाला लागला असं चौकशीत ठरलं, तर ती रक्कम जबाबदार पदाधिकाऱ्याकडून वसूल होते, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. पद सोडल्यावर हे प्रकरण निघालं तर तुमच्या हातात दप्तरही नसेल आणि दप्तर मागायचा अधिकारही नसेल. आज दोन्ही आहेत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आत्ता राजीनामा देऊ नका. निदान त्या गटाराचा निकाल लागेपर्यंत तरी नको.

दुसरं म्हणजे, ‘मी बघतो’ असं मिस्टर म्हणाले ते मनापासून म्हणाले असतील. पण त्यांना बघताच येत नाही. ऑडिटच्या आक्षेपाला उत्तर देण्याचा त्यांना अधिकार नाही, सुनावणी लागली तर त्यांना बोलावणंही येणार नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 38 प्रमाणे कार्यकारी अधिकार सरपंचाचे. सरपंच गैरहजर असेल तर ते उपसरपंचाकडे जातात. नवरा, सासरा, दीर, मुलगा यांचा त्यात उल्लेखच नाही. कर्तव्यात कसूर, गैरवर्तन किंवा काम करण्याची असमर्थता या कारणांवरून सरपंचाला काढण्याची तरतूद कलम 39 मध्ये आहे. तीही तुम्हालाच लागू होते, त्यांना नाही. ‘सरपंच पती’ या प्रकारावर सगळे टीका करतात, पण त्याचं कायदेशीर ओझं एकट्या बाईच्या डोक्यावर पडतं, हे फारसं कुणी सांगत नाही. विरोधी गट हे बरोबर ओळखून असतो. ‘नवरा कारभार करतो’ अशी तक्रार बहुतेक वेळा तुम्हाला अधिकार मिळावेत म्हणून होत नाही, तुम्हाला घालवण्यासाठी होते.

आता ‘यांच्याच जिवावर निवडून आले’ याबद्दल. प्रचार त्यांनी केला असेल, खर्चही त्यांनीच केला असेल. पुरुष उमेदवारही भावकीच्या, पुढाऱ्याच्या, पॅनेलच्या जिवावर निवडून येतात. निवडून आल्यावर चेकवर सही करायला पॅनेलप्रमुखाला बसवलं तर चालेल का, असं कुणी विचारत नाही, कारण ते चालणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. 73व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे 1993 पासून, बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. या जागा घरासाठी राखीव नाहीत, बाईसाठी आहेत. मार्च 2025 मध्ये छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यातल्या परसवारा गावात निवडून आलेल्या सहा बायकांच्या ऐवजी त्यांच्या नवऱ्यांनीच शपथ घेतली, तेव्हा देशभर हसं झालं आणि पंचायत सचिव निलंबित झाला. तुमच्या गावात शपथ तुम्ही घेतली, पण पेनड्राइव्ह कपाटात गेला. फरक फार मोठा नाही.

मदत आणि कब्जा यांतला फरक मात्र करायला हवा. मिस्टरांनी तुम्हाला तालुक्याला मोटारसायकलवरून नेणं, अंदाजपत्रक समजावून सांगणं, गावातला जुना वाद काय होता ते सांगणं ही मदत आहे, ती जरूर घ्या. निर्णय कोणी घेतला आणि सहीचं साधन कोणाच्या हातात आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं ‘मी’ अशी यायला हवीत. एवढं जमलं तर बाकीचं हळूहळू जमतं. म्हणून भांडण न करता सुरुवात पेनड्राइव्हपासून करा.

वित्त आयोगाचा पैसा आता चेकने जात नाही. ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या प्रणालींतून तो ठेकेदाराच्या किंवा पुरवठादाराच्या खात्यावर जातो. त्याला दोन सह्या लागतात. ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हा ‘मेकर’, तो बिल तयार करून पहिली डिजिटल सही करतो. सरपंच हा ‘चेकर’, त्याच्या सहीनंतर पैसे सुटतात. दोन माणसं वेगळी ठेवली, कारण एकाने केलेलं दुसऱ्याने तपासावं. तुमचा पेनड्राइव्ह आणि पिन दोन्ही बाहेर असतील तर तपासणारं कुणी उरतच नाही. ग्रामसेवक आणि मिस्टर तुम्हाला न विचारता बिल काढू शकतात आणि कागदोपत्री ते तुम्ही तपासलेलं असतं.

घरात बोलताना हक्काची भाषा वापरू नका, जोखमीची वापरा. ‘ऑडिटचं पत्र आलंय. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 42 प्रमाणे डिजिटल सही जपायची जबाबदारी माझी आहे, आणि दुसऱ्याची सही गैर हेतूने वापरली तर कलम 66सी प्रमाणे 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. उद्या कुणी तक्रार केली तर तुमच्यावर येईल.’ हे खरं आहे, आणि कुणाचा अपमान न करता सांगता येतं. त्यांनाही मागे सरकायला सन्मानाची वाट मिळते. पेनड्राइव्ह हातात आला की त्याच दिवशी पिन बदला. संगणकावर टोकनचं जे सॉफ्टवेअर असतं त्यात पिन बदलण्याची सोय असते. आपले सरकार सेवा केंद्रातला ऑपरेटर ते कुठे आहे हे दाखवेल, पण नवीन पिन टाकताना त्याला बाजूला व्हायला सांगा. जुना पिन नीट टाका, कारण ठरावीक वेळा चुकला तर टोकन लॉक होतं. नवा पिन मोबाइलच्या नोट्समध्ये ‘डीएससी पिन’ अशा नावाने लिहून ठेवू नका, असं बरेच जण करतात.

पेनड्राइव्ह मिळालाच नाही तर? मग गटविकास अधिकाऱ्यांना साधं पत्र द्या. घरातल्या कुणाविरुद्ध तक्रार करायची गरज नाही. मजकूर एवढाच पुरे:

‘माझ्या नावाचे डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र सध्या माझ्या ताब्यात नाही. सबब ते प्रणालीवर तात्काळ निष्क्रिय करून माझ्या नावे नवीन प्रमाणपत्र नोंदवण्याची कार्यवाही व्हावी. तोपर्यंत या स्वाक्षरीने कोणतेही प्रदान होऊ नये.’

खाली तारीख, सही, शिक्का. दोन प्रती काढा आणि आवक विभागात दिल्यावर आपल्या प्रतीवर पोच घ्या. हे पत्र दिल्यानंतर त्या सहीने एखादं बिल सुटलं, तर हे पत्र तुमच्या बाजूचा लेखी पुरावा असेल. पण प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवेपर्यंत कलम 42 प्रमाणे जबाबदारी तुमचीच राहते, म्हणून तिलाही कळवा. नव्या सहीसाठी स्वतः हजर राहून ओळख पटवावी लागते. तेव्हा अर्जात मोबाइल क्रमांक कोणाचा टाकला जातोय हे बघा. बहुतेक ठिकाणी घोटाळा इथेच होतो. बाईचं नाव, बाईचा फोटो आणि नंबर नवऱ्याचा. मग सगळे निरोप त्यांच्याच फोनवर येतात. असंच मानधनाचं बघा. सरपंचाचं मानधन लोकसंख्येनुसार 6,000, 8,000 किंवा 10,000 रुपये आहे. ते ज्या खात्यावर जमा होतं ते एकट्या तुमच्या नावाचं आहे ना, याची खात्री करा.

आता ते गटार. आक्षेपाचं पत्र नीट वाचा आणि ग्रामसेवकाकडून त्या कामाची संपूर्ण संचिका मागा. तोंडी नको, चार ओळींचं पत्र द्या. संचिकेत हे कागद एकामागून एक सापडायला हवेत: काम विकास आराखड्यात होतं का, मासिक सभेचा ठराव, शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी, दरपत्रकं किंवा निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद (एमबी), कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, शेवटी बिल आणि कपाती. तारखा याच क्रमाने यायला हव्यात. कार्यारंभ आदेशाची तारीख ठरावाच्या आधीची असेल, किंवा बिल आधी आणि एमबी नंतर असेल, तर कागद मागाहून जुळवलेत हे समजा. लेखापरीक्षक सगळ्यात आधी हेच बघतो.

मग गटार मोजायला जा. समजा, अंदाजपत्रक 60 मीटर बंदिस्त गटाराचं आहे आणि बिल 2,40,000 रुपयांचं. म्हणजे मीटरला 4,000 रुपये. बचत गटातल्या दोघी-तिघी बरोबर घ्या, 30 मीटरची टेप आणा, दोन टप्प्यांत मोजा. लांबी 52 मीटर भरली तर 8 मीटरचे 32,000 रुपये जास्त गेले. लांबी बरोबर भरली तरी लगेच समाधान मानू नका. एमबीतली रुंदी, खोली आणि भिंतीची जाडी बघा. झाकण उचलून आतून खोली मोजा, कारण वरून काही कळत नाही, आणि पैसा सहसा खोलीतच वाचवलेला असतो. सगळे आकडे वहीत लिहा, बरोबरच्या बायकांच्या सह्या घ्या, फोटो काढा. फरक आढळला तर फेरमोजणी करण्याबद्दल गटविकास अधिकाऱ्यांना पत्र द्या. मोजमाप अभियंत्याने नोंदवलेलं असतं, त्यामुळे उत्तर आधी त्याला द्यावं लागेल. तुम्ही स्वतःहून फेरमोजणी मागितली आणि जादा रक्कम ठेकेदाराकडून वसूल करण्याचा ठराव मांडला, ही गोष्ट पुढे तुमच्या बाजूने बोलेल.

ठेकेदार चुलतदीर आहे, हा यातला सगळ्यात नाजूक भाग. कलम 14 प्रमाणे ग्रामपंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो सदस्य अपात्र ठरतो. निव्वळ नातं म्हणजे हितसंबंध असं लगेच धरता येत नाही. चुलतदीर वेगळा राहतो का, धंदा वेगळा आहे का, त्याच्या बिलाचा पैसा फिरून तुमच्या घरच्या खात्यात येतो का, यावर सगळं ठरतं. मिस्टरांना एकच प्रश्न शांतपणे विचारा: या कामात आपले पैसे आहेत का? ‘आहेत’ असं उत्तर आलं तर आक्षेपाचं उत्तर पाठवण्याआधी ग्रामपंचायतीची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला भेटा. ‘नाहीत’ असं आलं तरी यापुढे घरातल्या, भावकीतल्या कुणाचंही बिल तुमच्या काळात निघणार नाही असं ठरवून टाका. हीच काळजी अतिक्रमणाबाबतही घ्या. सरकारी जागेवर कुटुंबातल्या कुणाचं अतिक्रमण असेल तर सदस्याचं पद जाऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात म्हटलं आहे. पण हे हत्यार खोटेपणानेही वापरलं जातं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचाला अशाच आरोपावरून काढलं होतं, आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं.

सभेकडे वळू. मासिक सभा बोलावणं हे तुमचं काम आहे आणि साध्या सभेची नोटीस सदस्यांना तीन पूर्ण दिवस आधी मिळायला हवी. विषयपत्रिका ग्रामसेवक तयार करून आणतो, पण ती अंतिम तुम्ही करायची. पुढच्या सभेआधी त्याला घरी बोलवू नका, तुम्ही कार्यालयात जा. आठवड्यातले दोन दिवस, समजा सोमवार आणि गुरुवार, सकाळी 11 ते 1 सरपंचाच्या खुर्चीत बसायचं ठरवा आणि ते फलकावर लिहून टाका. पहिल्या दोन-तीन खेपांना कुणी येणार नाही, किंवा येणारे ‘साहेब नाहीत का?’ असं विचारतील. मग घरपट्टीचा नमुना 8 चा उतारा किंवा पाण्याच्या कनेक्शनचा अर्ज घेऊन बायका यायला लागतील, कारण त्यांना तुमच्याशी बोलणं सोपं जातं.

मिस्टरांना सभेबाहेर कसं ठेवायचं? मासिक सभेत त्यांना बोलण्याचा किंवा मत देण्याचा हक्क नाही. ग्रामसभेत मात्र आहे, कारण ते गावचे मतदार आहेत. तिथे त्यांना अडवू नका, फक्त व्यासपीठावर बसवू नका. पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांनी कारभारात ढवळाढवळ करू नये, अशी परिपत्रकं निघालेली आहेत. ती त्यांच्या तोंडावर फेकण्याऐवजी ग्रामसेवकाला त्याची प्रत कार्यालयात लावायला सांगा. नियम भिंतीवर असला की बोलणारं माणूस वाईट ठरत नाही. सभेत पहिल्यांदा बोलायचं असेल तर एकच विषय निवडा, तोही जमाखर्चाचा: ‘मागच्या महिन्यात किती जमा, किती खर्च आणि कोणाला दिले, ते रोकड वहीतून वाचून दाखवा.’ वाचेल ग्रामसेवक, पण सूत्रं तुमच्याकडे असतील.

इतिवृत्ताची वही, म्हणजे तुमच्याकडे म्हणतात ते प्रोसिडिंग, कधीही ‘नंतर लिहितो’ म्हटल्यावर सही करू नका. प्रोसिडिंगमध्ये दोन ठरावांच्या मध्ये सोडलेली कोरी जागा हा धोक्याचा कंदील असतो. तिथे नंतर एखादा ठराव बसवतात. सही करताना कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारा आणि पानाचा फोटो काढून ठेवा. एखाद्या ठरावाला तुमचा विरोध असेल तर तो तिथेच नोंदवून घ्या. पुढे वसुली निघाली तर हाच विरोध कामी येतो.

आणि हे सगळं करण्याआधी आज रात्रीच एक गोष्ट करता येईल, तीही कुणाला न विचारता. मोबाइलवर egramswaraj.gov.in उघडा. तिथे राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की आराखडा, मंजूर कामं आणि वर्षभरातले खर्चाचे व्हाउचर दिसतात. पासवर्ड लागत नाही, ते सगळ्यांना खुलं आहे. 14 महिन्यांत तुमच्या सहीने कोणाकोणाला किती गेले त्याची यादी वहीत उतरवून काढा. जी नावं ओळखीची नाहीत किंवा जरा जास्तच ओळखीची आहेत, त्यांच्यावर खूण करा. मिस्टरांशी बोलायला बसाल तेव्हा ही यादी समोर असू द्या.

अविश्वास ठरावाची भीती घालून कुणी गप्प बसवत असेल तर लक्षात असू द्या, थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिल्या 2 वर्षांत असा ठराव आणता येत नाही. त्यानंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि पुढे ग्रामसभेत गुप्त मतदान होतं. तुमच्याकडे अजून वेळ आहे.

तुमच्या पत्रात घरात त्रास नाही असं आहे, म्हणून मी घरच्या वाटेने बोलले. ज्या बहिणींच्या घरी सही मागितल्यावर हात उगारला जातो, त्यांनी आधी 181 या महिला हेल्पलाइनवर बोलावं, पेनड्राइव्हचं नंतर बघता येईल. आणि काहींचा ‘नवरा’ घरातला नसतोच. अनुसूचित जाती-जमातीच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईला गावचा पुढारी नावापुरती बसवतो आणि शिक्का स्वतःच्या वाड्यात ठेवतो. अशा पदाधिकाऱ्याला तिचं काम करू न देणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे घरगुती समजुतीने भागत नाही, लेखी तक्रार लागते. ती एकटीने देण्याऐवजी आसपासच्या गावांतल्या महिला सदस्यांना बरोबर घ्या, किंवा महिला राजसत्ता आंदोलनासारख्या संघटनेच्या कार्यकर्त्यांना गाठा.

तुमच्या आक्षेपाच्या पत्रात अनुपालनाची मुदत दिलेली असेल. ती तारीख आधी बघा. संचिका, मोजणी आणि फेरमोजणीचं पत्र हे तिन्ही त्या तारखेच्या आत झालं पाहिजे. मुदत फार जवळ असेल तर मुदतवाढीचा अर्ज आजच द्या, आणि त्यावर सही तुमच्या हाताने करा.